रक्तगट दाजींचा
रक्तदाबाची एक गोळी रोज घेतो, एवढे मी अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांच्या ट्रेकच्या फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिले. त्याबद्दल शुक्रवारी रात्री अकरा वाजता, हमरस्त्यावर उभ्या असलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये लीडरने माझे वरचे आणि खालचे असे दोन्ही आकडे चौदा अनोळखी माणसांसमोर खणखणीत आवाजात वाचून दाखवले. डॉक्टरांचे सर्टिफिकेट मी पैसे मोजून आणले होते, तरी मागच्या बाकावरून "काकांना खिडकी द्या रे" अशी दया आलीच.

माझी ही तपासणी चालू असतानाच यादीतल्या एका गृहस्थांच्या जागी त्यांचा मेहुणा गाडीत चढला. दाजींना ऐनवेळी जमत नव्हते आणि पैसे बुडू नयेत म्हणून त्यांनी घरातले जे माणूस मोकळे होते ते पाठवले होते.

"तुमचा फॉर्म?" लीडरने विचारले.

"दाजींनी भरलाय की. सहीसुद्धा आहे."

"पण त्यात माहिती त्यांची आहे. रक्तगट बी पॉझिटिव्ह लिहिलाय. तुमचा कोणता?"

"तोच राहू द्या. आम्ही घरचेच आहोत."

दाजी आणि मेहुणा यांच्यात रक्ताचे नाते नसते, हे गाडीतल्या एका मुलीने सांगून पाहिले. पण मेहुण्यांनी तिच्याकडे, घर फोडायला निघालेल्या बाईकडे पाहावे तसे पाहिले. पुढे दम्याच्या रकान्यात "नाही" असे लिहिलेले असताना त्यांच्या खिशातून इनहेलर डोकावत होता. त्याबद्दल विचारताच ते म्हणाले, "दाजींना दमा नाहीच. हा माझा आहे."

खरे तर रक्तगटाची चूक त्यातल्या त्यात निरुपद्रवी होती, कारण रक्त देण्यापूर्वी रुग्णालय स्वतः तपासणी करतेच, फॉर्मवर विसंबत नाही. जीव अडकतो तो चालू औषधे, ॲलर्जी आणि इनहेलर सॅकच्या कोणत्या कप्प्यात आहे या माहितीवर, कारण कड्याच्या मध्यावर धाप लागलेला माणूस हे सांगण्याच्या स्थितीत नसतो. तातडीच्या संपर्कासाठी नंबरही ट्रेकला न आलेल्या माणसाचा हवा. या फॉर्मवर तो दाजींच्या बायकोचा, म्हणजे मेहुण्यांच्या बहिणीचा होता. काही झालेच असते तर त्या माउलीला, शेजारी झोपलेला तिचा नवरा कड्यावर अडकल्याचे कळले असते.

"मग मला नुसतेच येऊ द्या, यादीबाहेरचा," ही मेहुण्यांची तडजोड त्याहून बिकट होती. या वाटेवर तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी दोर लावून चढावे लागते आणि त्या दोरावर एका वेळी एकच माणूस असतो. माणशी दहा मिनिटे धरली तरी पंधरा जणांना अडीच तास लागतात. घरचे म्हणून आणखी तीन जण घेतले की तीन तास होतात, आणि उतरताना रॅपलिंगच्या दोराशी तीच रांग पुन्हा लागते. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे शेवटचे दोघे-तिघे अंधारात कड्याला लोंबकळतात. हार्नेस आणि हेल्मेटही मोजूनच आणलेली असतात. बॅचची मर्यादा गाडीतल्या सीटवर नव्हे, दोरावर ठरते, हे बारा वेळा सांगूनही लोक "ॲडजस्ट करू" म्हणतातच.

आणि गळती झाली की भुर्दंड उरलेल्यांना पडतो. गाडीचे बारा हजार पंधरा जणांत प्रत्येकी आठशे येतात; आदल्या दिवशी तिघे गळाले तर बाराजणांना हजार पडतात. म्हणून बदली माणूस गुरुवार संध्याकाळपर्यंतच, आणि तोही वेटिंग लिस्टमधला व स्वतःचा नवा फॉर्म भरणारा, हा नियम मला पटतो. मला पटत नाही ते दुसरेच. त्या फॉर्मवर मी काय काय मागणार नाही याची कलमे दीड पान होती. प्रशिक्षित माणसे किती, प्रथमोपचार कोण करणार, जवळचे रुग्णालय कोणते, आणि आयोजकांनीच ट्रेक रद्द केला तर माझ्या पैशांचे काय, यावर एक ओळ नव्हती. अशा सहीने आयोजकाचा निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही आणि एकतर्फी, अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागण्याची सोय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे, हे मी लीडरला सांगितले. त्यावर त्याने माझ्या नावापुढे आणखी काहीतरी लिहिले. ते रक्तदाबाबद्दल नसावे.

अखेर मेहुण्यांना नवा फॉर्म भरायला लावला. उंचीची भीती वाटते का, या रकान्यात त्यांनी "जिन्यावर नाही" असे लिहिले, आणि लीडरने त्यांना पायथ्याच्या आंबेवाडीपर्यंतच यायचे, दोराला हात लावायचा नाही, असे बजावले. त्यांनी लगेच दाजींना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"मेहुणा चढणार नसेल तर निम्मे पैसे परत द्या," दाजी म्हणाले.

"तुम्ही आज रात्री रद्द केलंत. अठ्ठेचाळीस तासांच्या आत काहीच परत मिळत नाही."

"मी रद्द कुठे केलं?" दाजी शांतपणे म्हणाले. "तुमच्या हातातला फॉर्म बघा. मी तंदुरुस्त आहे, माझी सही आहे, आणि मी गाडीत बसलोय."