करडं टोपण असलं तरी साखर घटते

"लॅबची शुगर म्हणजे पक्की. नमुना दुपारी पोचला तरी फरक पडत नाही, करड्या टोपणाच्या ट्यूबमध्ये औषध असतं. रक्त फुटलं, चरबी जास्त असली तरी मशिन आकडा बरोबरच देतं."

आधी औषधाचं बघू, कारण सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावरच आहे. त्या ट्यूबमध्ये सोडियम फ्लोराइड असतं. बाहेर काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साखर फोडण्याच्या १० पायऱ्यांपैकी फ्लोराइड नववी अडवतं. आधीच्या पायऱ्या चालूच राहतात, त्यामुळे घट पुरती थांबायला १-२ तास, कधी ४ तासही लागतात. त्यानंतर मात्र आकडा टिकतो.

धरा, हडपसरला सकाळी ७ वाजता एका काकूंचं उपाशीपोटी रक्त घेतलं. खरी साखर १३२. पिशवी मगरपट्टा, खराडी करत ११ वाजता कर्वे रोडच्या लॅबमध्ये पोचली. साध्या ट्यूबमध्ये तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर घटते. ६ टक्के धरले तर ११ वाजता १०३ उरते. फ्लोराइड असलं तरी पहिल्या तासात घट जवळपास तेवढीच, म्हणजे १२४. मधुमेहाची रेषा १२६ वर आहे. काकूंना मधुमेह असून रिपोर्ट म्हणणार, "अजून नाही." उन्हाळ्यात घट आणखी वेगानं होते. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असल्या, ल्युकेमियात वाढतात तशा, तरीही तेच.

रक्त फुटण्याचं थोडक्यात. बारीक सुईतून जोरात ओढलं किंवा ट्यूब जोरजोरात हलवली की तांबड्या पेशी फुटतात आणि वरचा द्रव गुलाबी-लाल दिसतो. मशिन साखर मोजतं ते रंग किंवा प्रकाशाच्या शोषणावरून, आणि हिमोग्लोबिनही प्रकाश शोषतं. आकडा वर जाईल की खाली, हे पद्धतीवर ठरतं, म्हणून अंदाजानं दुरुस्ती करता येत नाही. नमुना पुन्हाच घ्यावा लागतो.

ट्रायग्लिसराइड १००० च्या पुढे गेले की तोच द्रव दुधाळ होतो, प्रकाश विखुरतो. नवी मशिनं हा गढूळपणा मोजून इशारा देतात आणि बऱ्याच पद्धती थोडी चरबी सांभाळून घेतात. पण दाट दुधासारखा नमुना आधी वेगानं फिरवून चरबी बाजूला काढल्याशिवाय मोजू नये.

उशिरामुळे आकडा फक्त खाली येतो, हेही लक्षात ठेवा. उशिरा पोचूनही १५० आली, तर "उशिरामुळे वाढली" असं म्हणून सोडून देऊ नका. १०० ते १२५ च्या दरम्यान आली, तर रिपोर्टवरची रक्त घेतल्याची आणि नमुना पोचल्याची वेळ बघा. अंतर मोठं असेल तर लॅबमध्येच जाऊन रक्त द्या आणि अर्ध्या तासात ट्यूब सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करणार का, ते विचारा. सायट्रेटची ट्यूब मिळत असेल तर ती मागा. ती आम्लतेनं पहिलीच पायरी अडवते, त्यामुळे घट जवळजवळ लगेच थांबते.