गनला हिसका नको, काका

इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग पूर्ण, पडद्यावर ८० टक्के, बिल भरलेलं, आणि गन, म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाचा प्लग, गाडीतून निघेना. इतकं हायवेवर कुणाचंही होतं. त्याचा मला राग नाही. राग आहे तो शेजारी उभं राहून "नवीन घेतलीय वाटतं?" असं विचारणाऱ्या काकांचा. चार्जिंग स्टेशनवर कॅनॉपी नसते, पाणी नसतं, पण हे काका असतात.

"सरका. ह्याला हिसका लागतो."

"काका, आत कुलूप आहे."

"कुलूप? प्लगाला? मग आमच्या टाकीच्या झाकणासारखं करा. वरून दोन बुक्क्या, की उघडलंच."

मग त्यांनी खोबरेल तेल सुचवलं. जावई मेकॅनिकल इंजिनिअर, त्याला व्हिडिओ कॉल लागला. जावयाने लांबूनच "वायर कापू नका" एवढा मौलिक सल्ला दिला. काकांनी दोन्ही हातांनी गन धरून डावी-उजवीकडे अशी हलवली, की गाडीची किंमत आठवून माझ्या पोटात गोळा आला.

तर काका, ऐका. आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना सीसीएस२ नावाचं चार्जिंगचं सॉकेट असतं. त्यात गाडीच्या बाजूने एक छोटी मोटर असते. ती एक बारीक पिन गनवरच्या खाचेत सरकवते आणि गन अडकवून ठेवते. हे मुद्दाम आहे. डीसी, म्हणजे हायवेवरच्या जलद चार्जिंगमध्ये काही गाड्यांत चारशे व्होल्टच्या आसपास दाब असतो; चालू प्रवाहात गन उपटली तर ठिणगी उडते आणि माणूस भाजतो. म्हणून चार्जिंगचं सत्र थांबून दाब ६० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय कुलूप सुटायचं नाही, असा नियमच आहे.

म्हणजे पहिलं काम म्हणजे सत्र खरंच थांबलंय का ते बघणं. ॲपवर 'स्टॉप' दाबून भागत नाही, चार्जरच्या पडद्यावरही ते संपलेलं दिसलं पाहिजे. मग काही सेकंद थांबायचं. चार्जरवरचं लाल बटण आग, धूर किंवा शॉक यांच्यासाठी आहे. घाईसाठी ते दाबलं तर चार्जर रुसून बसतो आणि मागचा माणूस आपल्या नावाने बोटं मोडतो.

दुसरं काम कानाचं. किल्लीवरचं अनलॉक दाबा आणि सॉकेटजवळ कान द्या. 'कर्र' असा मोटरचा आवाज आला, तरी गन निघेना, तर पिन दाबली गेलीय. डीसीची केबल जाडजूड, तिच्या वजनाने गन खाली झुकते आणि ते सगळं वजन पिनवर येतं. मोटर बिचारी खेचते, पण पिन घट्ट धरलेली. अशा वेळी गन ओढायची नाही, उलट आत ढकलायची! एका हाताने गन खालून उचलून आत दाबा, केबलचा भारही उचला, आणि त्याच स्थितीत दुसऱ्या हाताने अनलॉक दाबा. आवाज आला की सरळ बाहेर काढा, तिरकी नाही. उशीर केलात तर काही गाड्या परत लॉक होतात, म्हणून किल्ली दाबल्यावर काकांशी वाद घालू नये.

आवाजच आला नाही, तर एक तर गाडीला अजून सत्र चालूच वाटतंय, किंवा १२ व्होल्टची छोटी बॅटरी अर्धमेली आहे. मोटर त्याच बॅटरीवर चालते. डॅशबोर्डचे दिवे मंद, दाराचं लॉकही आळशी, अशी लक्षणं असतील तर आधी तिची सोय करा.

शेवटचा उपाय म्हणजे हाताने सोडायची दोरी. अनेक गाड्यांत ती डिकीच्या आतल्या कव्हरमागे किंवा बॉनेटखाली असते. जागा मॉडेलगणिक बदलते, म्हणून मॅन्युअलचं पान आजच शोधून ठेवा, रात्री अकरा वाजता टॉर्चमध्ये नको. चार्जिंग चालू असताना ती ओढायची नाही. हळूच ओढायची, काकांच्या पद्धतीने नाही.

हेल्पलाइनवर मात्र फार विसंबू नका. चार्जरवाले म्हणतात, कुलूप गाडीचं, गाडीवाल्यांना विचारा. गाडीवाले म्हणतात, सत्र चार्जरचं, त्यांना विचारा. दोघंही अर्धे खरे आहेत, आणि आपण मध्ये उन्हात. चार्जरवाल्यांकडून एवढंच मागा: "सत्र तुमच्याकडून बंद करा." हे त्यांना बऱ्याचदा लांबून जमतं.

गन निघाली की तिच्यावरची खाच बघा. कडा झिजलेली किंवा चुरा झालेली असेल तर दोष त्या गनचा. चार्जर नंबरसह तक्रार करा. वेगवेगळ्या चार्जरांवर हेच घडत असेल, तर आपल्या गाडीची लॉकची मोटर मरायला टेकलीय. सॉकेटमध्ये तेल किंवा स्प्रे मारायचा नाही, सर्व्हिस सेंटरला जायचं. तिथे ते "सॉफ्टवेअर अपडेट करून बघू" म्हणतील. मोटरचा आवाज त्यांच्यासमोर ऐकवा, नाहीतर गाडी धुऊन परत देतात.