केस होते

मामाच्या साठीला हॉलमध्ये स्लाइड शो लावायचा असं ठरलं आणि फोटोंखाली कॅप्शन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, का तर म्हणे तू लिहितोस. मी लिहितो म्हणजे काय, तर सोसायटीच्या ग्रुपवर टँकरबद्दल लांबलचक मेसेज टाकतो, जे कोणी वाचत नाही. पण घरात एकदा शिक्का बसला की बसला.

सोनूने (मामाची मुलगी, सगळं टेक्निकल खातं तिच्याकडे) हिशोब आधीच करून ठेवलेला. साठीचे ६० फोटो, प्रत्येकी ५ सेकंद, म्हणजे बरोब्बर ५ मिनिटं, त्यानंतर लगेच जेवण. मी म्हटलं हे तर काय, एका रात्रीत होईल. आणि खरंच एका रात्रीत ६० वाक्यं लिहून काढली. नमुना बघा: "सन १९९६ साली मे महिन्याच्या सुट्टीत मामा आपल्या लाडक्या स्कूटरवरून आम्हा सर्वांना आनंदाने फिरवून आणताना."

आपल्याकडे कॅप्शन म्हटलं की हात आपोआप "-ताना"वरच जातो. केक कापताना, सत्कार स्वीकारताना, मान्यवरांसमवेत दीपप्रज्वलन करताना. माझ्या ६० पैकी निम्म्याच्या वर ओळी "-ताना"वर संपत होत्या, आणि मला ते वाचून अगदी पेपरात छापल्यासारखं वाटत होतं.

मग आमच्या घरी टीव्हीवर रिहर्सल झाली. बाबांना सवय आहे, स्क्रीनवर काहीही आलं की मोठ्याने वाचायचं, जाहिरातीतल्या अटी-शर्तीसुद्धा. त्यांनी सुरुवात केली, "सन १९९६ साली मे महिन्याच्या सुट्टीत मामा आपल्या लाडक्या स्कू..." आणि फोटो गेला. पुढच्यालाही तेच. तीन-चार फोटोंनंतर बाबा चिडले, आई म्हणाली अहो वाचताय काय, फोटो बघा ना, बाबा म्हणाले मग लिहिलंय कशाला. झालं. मला खरंतर तिथेच कळलं, कारण त्या स्कूटरच्या फोटोत काय होतं हे कोणालाच सांगता येईना. सगळे १५ शब्द वाचण्यात अडकले होते. आणि फोटोत होतं काय, तर पुढे उभा असलेला मी, मग मामा, मग मामाला मिठी मारून सोनू, आणि सगळ्यात मागे स्टेपनीला पाठ लावून एका अंगावर बसलेली आजी, मांडीवर गव्हाची पिशवी. हे सगळं दिसतंच आहे की! दिसतंय तेच मी परत खाली लिहिलं होतं, वर "आनंदाने" हे पदरचं, आजीच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता, तिने एका हाताने पदर धरलेला आणि दुसऱ्याने गहू.

सोनूने सगळं पुसलं आणि टाइप केलं: "फॅमिली कार". बाबा हसले. आई हसली. वाचायला अर्धा सेकंद, उरलेले साडेचार सेकंद सगळे आजीकडे बघत होते.

मग आम्ही दोघं रात्री दीडपर्यंत बसलो आणि मला एक चाचणी सापडली. फोटोवर हात ठेवायचा आणि नुसतं कॅप्शन वाचायचं. हाताखाली फोटो झाकूनही सगळं समजत असेल तर ती बातमी आहे, मग फोटो कशाला दाखवताय. आणि नुसतं वाचून अर्धवट वाटलं, हात काढल्यावर पूर्ण झालं, तर काम झालं. मामा आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलाय, छातीवर पेपर पसरलाय. मी लिहिलेलं, "पेपर वाचता वाचता मामाला लागलेली गाढ झोप." आता तिथे "वाचन चालू" आहे. नुसतं वाचा, लायब्ररीतली पाटी वाटेल. फोटोबरोबर वाचा.

मराठीत तर याची मजाच आहे, एका क्रियापदात माणूसही येतो आणि काळही. कशेडी घाटातला फोटो होता, गाडीचं बॉनेट उघडं, वाफा निघतायत आणि मामा हातात पाण्याचा कॅन घेऊन उभा. आजीला त्याने सांगून ठेवलेलं असायचं की पोचलो की फोन करतो. म्हणून कॅप्शन टाकलं, "पोचलो." कोण पोचलं, कधी पोचलं काही लिहायला लागलं नाही. शेवटचा तो पूर्णविराम मात्र सोनूने हट्टाने ठेवला. मी उद्गारचिन्ह टाकून बघितलं तर विनोद केलाय असं लगेच कळत होतं, तीन टिंबं टाकली तर कविता वाटायला लागली.

आणि लग्नाचा फोटो. मुंडावळ्या बांधलेला मामा, डोक्यावर हे एवढं दाट जंगल. आमच्या एका भावाने सुचवलं "जन्मठेप" टाक. नाही टाकलं, तो जोक प्रत्येक लग्नाच्या फोटोखाली कोणीतरी टाकतंच, आणि मामी पहिल्या रांगेत बसणार होती. मी लिहिलं, "केस होते." सगळी करामत त्या "होते"ची, कारण फोटोत ते आहेत आणि स्क्रीनखाली बसलेल्या मामाकडे ते नाहीत. ज्याने आजचा मामा बघितलेला नाही त्याला यात काहीच गंमत नाही, हेही खरं.

तिथेच पुढे माझी जिरली. एकदा छोटं लिहायची चटक लागली की माणूस थांबत नाही. आजीच्या ट्रंकेतला एक जुना काळा-पांढरा फोटो होता, ११ माणसं, वाड्याच्या पायरीवर. मागे शाईने लिहिलेलं, "आम्ही सगळे". मी म्हटलं वा, आजोबांनीच आयतं दोन शब्दांत दिलंय! आईने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, ही डावीकडून तिसरी कोण? कोणालाच माहीत नाही. आजोबांना माहीत होतं, म्हणून तर त्यांनी "आम्ही" लिहिलं, पण आता त्या "आम्ही"तलं कोणीच उरलेलं नव्हतं. शेवटी नागपूरच्या आत्येआजीला व्हिडिओ कॉल, फोटो कॅमेऱ्यासमोर धरायचा, ती म्हणणार जरा वर घे, आता खाली घे, असं पाऊण तास. त्या एका फोटोखाली मग डावीकडून अकराच्या अकरा नावं आणि गाव आलं, आणि सोनूने त्याला ५ ऐवजी २० सेकंद दिले. जेवण १५ सेकंद उशिरा.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मामी घरी येऊन सगळं बघून गेली. काही बोलली नाही, फक्त दारात चपला घालताना म्हणाली, "लग्नाचा एक सोडला तर माझा फोटो नाही का रे तुमच्याकडे?" आम्ही पुन्हा सगळं चाळलं. खरंच नव्हता. कारण मामाच्या हातात कॅमेरा दिला की तो मुंडकी कापायचा, ३६ फोटोंचा अख्खा रोल वाया घालवलाय त्याने एकदा, म्हणून तेव्हापासून सगळे फोटो मामीच काढायची.

रात्री सोनूला गुहागरचा एक फोटो सापडला, आम्ही आधी बाद केलेला. संध्याकाळची वेळ, मामा सुरूच्या झाडांकडे पाठ करून वाळूत उभा, आणि त्याच्या पायापर्यंत आलेली एक लांबलचक सावली, कोपरं बाहेर काढून कॅमेरा धरलेली. तो शेवटी लावला. खाली लिहिलं, "आणि मामी".

हॉलमध्ये तो फोटो आला तेव्हा अख्खे ५ सेकंद कोणी काही बोललं नाही, आणि मग पहिल्या रांगेतून मामीचा आवाज आला, "अगं बाई, जाडी दिसतेय मी."