एकोणसाठचा चहा

आज सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर शेजारच्या काकांनी माझ्या प्लेटजवळ दहाचं नाणं ठेवलं. "घे बे, चहा पी. चॅनल बंद नको पाडू."

चूक माझीच. मी कूलर दुरुस्तीचे व्हिडिओ करतो. काल रात्री यूट्यूबवर महिन्याला एकोणसाठ रुपयांची मेंबरशिप सुरू केली आणि वर्णनात ठोकून दिलं: 'फक्त एका चहाच्या किमतीत! तुमच्या आधाराशिवाय हे चॅनल टिकणार नाही. खरे चाहते नक्की सोबत येतील.'

काकांनी मोबाईल लांब धरून ते अख्ख्या ठेल्याला वाचून दाखवलं.

"एकोणसाठचा चहा कुठं मिळते बे?"

"काका, म्हणायची पद्धत आहे."

"अन् खरे चाहते म्हणजे? तीन वर्षांपासून तुहे व्हिडिओ पाहून मी सोता पंप खोलून राह्यलो. मी काय खोटा?"

ठेलेवाला तर्री वाढता वाढता हसला. गणपतीला अकरा रुपये वर्गणी देऊन पाच वेळा प्रसाद नेणारा माणूस मला हे ऐकवतो! बरं, त्या एकोणसाठातले नऊ जीएसटीत जातात, उरलेल्या पन्नासातले सत्तर टक्के, म्हणजे पस्तीस, माझे. हे कोणाला सांगू? वर्णनात लिहिलं तर तेही रडगाणंच.

पण 'खोटा' हा शब्द दुपारभर टोचला. शेवटी सगळं पुसून बसलो. लाभांच्या यादीत 'घरी येऊन कूलर तपासणी' आणि 'लकी ड्रॉ' असं लिहिलं होतं. नियम वाचले, तर मेंबरशिपच्या बदल्यात एकेकट्याची प्रत्यक्ष भेट चालत नाही आणि सोडतही नाही. 'दर आठवड्याला लाईव्ह' मी स्वतःच खोडलं. मे महिन्यात मी दिवसभर लोकांच्या गच्च्यांवर ताट्या बदलत असतो, लाईव्ह कोण येणार? दोन आठवडे चुकलं की पैसे भरणारा बिचारा विचारायलाही लाजतो. म्हणून भर उन्हाळ्यातही जमेल तेवढंच ठेवलं:

'दुरुस्तीचे सगळे व्हिडिओ सगळ्यांसाठी मोफत आहेत, मोफतच राहतील. मेंबर झालात तर नवा व्हिडिओ दोन दिवस आधी दिसेल, नावापुढे बॅज येईल आणि महिन्यातून एका लाईव्हमध्ये तुमच्या कूलरचे प्रश्न घेईन. दर महिन्याला ५९ रुपये. कधीही बंद करा, कारण सांगायची गरज नाही.'

पहिलं वाक्य लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला सांगू. मोफतच मिळतंय म्हटल्यावर पैसे कोण देईल? पण ते काढलं की बाकीचं सगळं परत भीक मागितल्यासारखं वाचायला येत होतं.

संध्याकाळी गेटपाशी काकांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"आता बरं आहे. मोफतच राहीन म्हणतो ना?"

"हो."

"मंग माहे दहा रुपये वापस दे."

मी त्यांचा चहा केव्हाच पिऊन बसलो होतो.