यील्ड कर्व्ह उलटा झाला म्हणजे नक्की कोणाला काय वाटतंय?

अमेरिकेचा यील्ड कर्व्ह उलटा झाला की दुसऱ्या दिवशी ठरलेले मथळे येतात. ‘मंदीची घंटा’, ‘धोक्याचा इशारा’, आणि सोबत लाल रंगाची खाली जाणारी रेघ. मग काही महिन्यांनी तीच रेघ पुन्हा सरळ होते आणि लिहिलं जातं की धोका टळला. मला या दोन्हींचा वैताग येतो, पण दुसऱ्याचा जास्त.

आधी थोडक्यात ओळख. सरकार वेगवेगळ्या मुदतीचे रोखे विकून कर्ज उभारतं: तीन महिने, दोन वर्षं, दहा वर्षं, तीस वर्षं. आडव्या अक्षावर मुदत आणि उभ्या अक्षावर त्या मुदतीच्या रोख्याचं यील्ड, म्हणजे आजच्या भावाला घेऊन मुदतीपर्यंत ठेवल्यास पडणारा वार्षिक परतावा, मांडला की जी रेघ मिळते ती यील्ड कर्व्ह. एरवी ती डावीकडून उजवीकडे चढत जाते. कधीकधी उतरते, म्हणजे दोन वर्षांसाठी पैसे देणाऱ्याला दहा वर्षांसाठी देणाऱ्यापेक्षा जास्त व्याज मिळतं. वरवर पाहता हा वेडेपणाच वाटतो. जास्त काळ पैसे अडकवून कमी व्याज कोण घेईल?

घेतात, आणि शहाणी माणसं घेतात. का, ते आकड्यांत बघू. समजा एक वर्षाचा दर 5 टक्के आहे आणि दोन वर्षांचा 4.5 टक्के. दोन वर्षांच्या रोख्यात 100 घातले तर शेवटी साधारण 109.20 मिळतील. एक वर्षाच्या रोख्यात घातले तर वर्षअखेर 105 हातात येतील आणि ते पुन्हा गुंतवावे लागतील. 105 चे 109.20 व्हायला दुसऱ्या वर्षी किती व्याज लागेल? बरोबर 4 टक्के. म्हणजे पुढच्या वर्षी एक वर्षाचा दर 4 च्या खाली जाईल असं ज्याला वाटतं, त्याच्या दृष्टीने आजचा ‘कमी’ वाटणारा 4.5 टक्क्यांचा दर फायद्याचा सौदा आहे. तो 5 सोडून 4.5 घेतो ते उद्याच्या भीतीने.

हे झालं धनकोचं. चर्चेत ऋणकोला सहसा कोणी विचारत नाही, पण सौदा दोघांचा असतो. दर खाली येणार असं वाटणारी कंपनी आज दहा वर्षांसाठी स्वतःला चढ्या दराने बांधून घेईल का? ती म्हणेल, सध्या थोड्या मुदतीचं कर्ज काढू, दर उतरले की लांब मुदतीचं बघू. थोड्या मुदतीचा दर जास्त असूनही ती तो सोसते. म्हणजे एकाच समजुतीपोटी धनको लांब मुदतीकडे धावतो आणि ऋणको लांब मुदतीपासून पळतो. लांब मुदतीच्या रोख्यांना मागणी वाढते, पुरवठा आटतो, भाव चढतो. भाव चढला की यील्ड उतरतं. कर्व्हचं उजवं टोक दोघे मिळून खाली दाबतात.

अगदी डावं टोक, म्हणजे काही महिन्यांची मुदत, मात्र बाजाराच्या हातात फारसं नसतं. ते मध्यवर्ती बँकेच्या धोरण दराला बांधलेलं असतं. त्यामुळे उलटा कर्व्ह म्हणजे मध्यवर्ती बँकेने आज दर चढे ठेवलेत आणि हे फार काळ टिकणार नाही असा बाजाराचा होरा. एवढंच. दर का उतरतील, हे तो सांगत नाही. अर्थव्यवस्था कोलमडली म्हणून उतरू शकतात, किंवा महागाई आटोक्यात आली म्हणून. कर्व्हच्या चित्रात दोन्ही सारखेच दिसतात, आणि सगळा घोळ इथेच होतो.

आता चढत्या कर्व्हबद्दल. ‘चढता म्हणजे सगळ्यांना भरभराटीची आशा’ हेही अर्धंच खरं. दर वाढतील अशी अपेक्षा त्यात असते, पण एक मोबदलाही मिसळलेला असतो. दहा वर्षांच्या रोख्याचं यील्ड 4 वरून 5 टक्के झालं तर त्याचा भाव साडेसात-आठ टक्क्यांनी पडतो, दोन वर्षांच्या रोख्याचा दोन टक्क्यांपेक्षा कमी. मधेच पैशांची गरज लागली आणि रोखा विकायची वेळ आली तर फटका कोणाला जास्त, हे उघड आहे. शिवाय दहा वर्षांत महागाई काय करेल कोणी सांगावं. ही जोखीम घेण्याबद्दल धनको जे जादा मागतो त्याला टर्म प्रीमियम म्हणतात. दर अजिबात बदलणार नाहीत अशी सगळ्यांची खात्री असली, तरी एवढ्यामुळेच कर्व्ह किंचित चढता राहील. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी: नेहमीचा प्रीमियम जागेवर असताना कर्व्ह नुसता सपाट झाला, तरी दर उतरण्याची अपेक्षा त्यात आधीच आलेली असते. आणि हा प्रीमियम स्थिर नसतो. 2008 नंतर फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, लांब मुदतीचे रोखे प्रचंड प्रमाणात विकत घेतले आणि तो दाबला गेला. तेव्हापासून कर्व्ह उलटा व्हायला पूर्वीइतकी मोठी भीती लागत नाही. जुन्या आलेखांशी आजची तुलना करणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

मंदीची खूण म्हणून उलट्या कर्व्हला प्रतिष्ठा मिळाली त्यात अर्थतज्ज्ञ कॅम्पबेल हार्वी यांचा मोठा वाटा आहे. शिकागो विद्यापीठातल्या त्यांच्या 1986 च्या प्रबंधाने कर्व्हचा उतार आणि पुढची आर्थिक वाढ यांचं नातं दाखवलं. त्यानंतरच्या मंद्यांच्या आधीही कर्व्ह उलटा झाला. 1966 मध्ये मात्र तो उलटा झाला, अर्थव्यवस्था मंदावली, पण अधिकृत मंदी आली नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये थोडे दिवस उलटा झाला आणि 2020 मध्ये मंदी आलीही, पण ती कोव्हिडने आणली. रोखेबाजाराला विषाणूची चाहूल लागली होती असं कोणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

आता मला ज्याबद्दल खरं लिहायचं होतं ते. मार्च 2023 चा एक आठवडा.

फेडने वर्षभर दर वाढवत नेले होते. 7 मार्चला अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी संसदीय समितीसमोर सांगितलं की दर आधी वाटलं होतं त्यापेक्षा वर न्यावे लागतील. 8 मार्चला दोन वर्षांचं यील्ड 5 टक्क्यांच्या थोडं वर आणि दहा वर्षांचं 4 च्या जरा खाली होतं. फरक एक टक्क्याहून जास्त, आणि उलटा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीनंतर कर्व्ह इतका उलटा झाला नव्हता. अर्थातच ‘घंटा’वाल्या मथळ्यांना जोर आला.

10 मार्चला सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. ठेवी कधीही काढता येणाऱ्या आणि गुंतवणूक लांब मुदतीच्या रोख्यांत, असा तिचा मामला होता. दर वाढले तसे रोख्यांचे भाव पडले आणि ठेवीदारांनी रांग लावली. सोमवारी, 13 मार्चला, दोन वर्षांचं यील्ड 4 टक्क्यांच्या आसपास होतं. तीन व्यवहारदिवसांत एक टक्क्याची घसरण! 1987 च्या ऑक्टोबरनंतर तीन दिवसांत एवढी पडझड झाली नव्हती. दहा वर्षांचं यील्डही उतरलं, पण साडेतीन टक्क्यांच्या आसपास थांबलं.

आता वजाबाकी करा. उलटा फरक एक टक्क्यावरून अर्ध्यावर आला. ‘कर्व्ह जितका उलटा तितका धोका जास्त’ हा नियम लावला, तर अमेरिकी बँका कोसळण्याच्या भीतीने सगळ्यांची झोप उडालेली असताना धोका निम्म्याने घटला असं म्हणावं लागेल. झालं होतं बरोबर त्याच्या उलट. फेड आता दर वाढवणं सोडून लवकरच कमी करेल, असं बाजाराला रातोरात वाटू लागलं. नजीकच्या दरांबद्दलची अपेक्षा दोन वर्षांच्या रोख्यात जवळजवळ पूर्ण उतरते, दहा वर्षांच्या रोख्यात ती बाकीच्या आठ वर्षांत विरून जाते. म्हणून डावीकडचं दोन वर्षांचं टोक जास्त पडलं आणि चित्र ‘सुधारलेलं’ दिसलं.

म्हणूनच ‘धोका टळला’वाल्यांचा मला जास्त राग. 2006 पासून 2007 च्या मध्यापर्यंत अमेरिकेचा कर्व्ह बहुतेक काळ उलटा किंवा सपाट होता. मग तो सरळ होऊ लागला. 2007 च्या सप्टेंबरात फेडने दर कापायला सुरुवात केली आणि डिसेंबरात मंदी सुरू झाली. तेव्हा कर्व्ह छानपैकी चढता होता! उलटेपणा बघून घाबरलेल्यांनी नेमका त्याच वेळी सुस्कारा सोडला असेल.

आणि 2022 च्या उलटेपणाचं काय झालं? जुलै 2022 मध्ये उलटा झालेला दोन-दहा वर्षांचा फरक जवळपास सप्टेंबर 2024 पर्यंत तसाच राहिला. मंदी त्या काळात आली नाही. खुद्द हार्वी यांनी 2023 च्या सुरुवातीलाच सांगितलं होतं की या वेळचा इशारा खोटा ठरू शकतो. माझ्या मते यातलं मोठं कारण ऋणकोंकडे आहे. 2020-21 मध्ये तीस वर्षांचं गृहकर्ज 3 टक्क्यांच्या आसपास मिळत होतं, जानेवारी 2021 मध्ये तर सरासरी 2.65 टक्के. लाखो कुटुंबांनी आणि मोठ्या कंपन्यांनी तेव्हाच लांब मुदतीची स्वस्त कर्जं करून ठेवली. फेडने दर सव्वापाच-साडेपाच टक्क्यांपर्यंत नेले, पण त्यांच्या हप्त्याला धक्का लागला नाही. दर कमी होतील हा बाजाराचा होरा मात्र खरा ठरला, अपेक्षेपेक्षा बराच उशिरा. महागाई उतरली आणि सप्टेंबर 2024 मध्ये कपात सुरू झाली. म्हणजे कर्व्हने जे सांगितलं होतं ते झालं, लोकांनी त्याच्या तोंडी घातलेलं झालं नाही.

म्हणून हल्ली मी फरकाच्या एका आकड्याकडे बघायचं सोडून कुठलं टोक हललं ते बघतो. मार्च 2023 मध्ये डावं टोक कोसळलं, ती घबराट होती. 2024 च्या शेवटी वेगळंच झालं. फेडने सप्टेंबर ते डिसेंबर मिळून एक टक्का कपात केली आणि त्याच काळात दहा वर्षांचं यील्ड साधारण 3.6 वरून साडेचारच्या वर गेलं. कर्व्ह सरळ झाला, पण या वेळी उजव्या टोकानेही वर जाऊन हातभार लावला. धनको जास्त मागू लागले. अर्थव्यवस्था जोमात आहे म्हणून, महागाई परत येईल म्हणून, की सरकार इतकं कर्ज काढतंय त्याची धास्ती म्हणून?

हे नुसत्या उतारावरून कळत नाही. महागाईशी जोडलेल्या सरकारी रोख्यांचं यील्ड शेजारी मांडून बघावं लागतं. साध्या रोख्याचं यील्ड वाढलं आणि महागाईशी जोडलेल्याचं जागेवरच राहिलं, तर धनकोला बहुधा महागाईची धास्ती आहे. दोन्ही बरोबरीने वाढली, तर खरा व्याजदरच चढतोय, आणि मग जोमदार वाढ की सरकारी कर्जाचा भार, यावर भांडायला वाव उरतो. मी स्वतः यातल्या दुसऱ्या कारणाकडे झुकतो, पण कमेंटमध्ये कोणी उलट पटवून दिलं तर ऐकेन.