'या ठिकाणी' म्हणजे कुठल्या ठिकाणी?

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पाहुण्या म्हणजे भूजलाच्या अभ्यासक. वेळ तीन मिनिटं. मी 270 शब्दांचा कागद तयार केला, दोनदा मनात वाचला आणि झालं म्हणून ठेवून दिला. मुलगी म्हणाली, "बाबा, एकदा फोनवर रेकॉर्ड करून ऐका तरी."

ऐकलं. पहिल्या वेळी काहीच कळलं नाही, कारण सगळं लक्ष 'हा माझा आवाज?' यातच गेलं. आपला आवाज आपण हवेतून ऐकतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, आणि हाडांतून येणारा खर्ज फोनला मिळत नाही. त्यामुळे रेकॉर्डिंगमधला आवाज पातळ वाटतो. म्हणून पहिलं ऐकणं सोडूनच द्यावं, कामाचं ऐकणं दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी कागद-पेन घेऊन बसलो आणि जे ऐकू येईल ते जसंच्या तसं उतरवलं, 'अं'सकट. हे हातानेच करावं लागतं. नुसतं ऐकताना कान असले शब्द गाळून टाकतो, कारण त्याला अर्थाशी मतलब असतो. उतरवून झाल्यावर मोजले. 'अं' 8 वेळा, 'म्हणजे' 7, 'या ठिकाणी' 6, 'तर' 4. कागदावर यातला एकही नव्हता. आणि तीन मिनिटांचा परिचय 2 मिनिटं 5 सेकंदांत आटोपला होता, तोही एवढी भर घालून.

मुलगी शेजारी बसून ऐकत होती. चौथ्या 'या ठिकाणी'ला तिने विचारलं, "बाबा, या ठिकाणी म्हणजे कुठल्या ठिकाणी?" मराठी व्यासपीठावर वाढलेल्या माणसाकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं.

आता माझं मत सांगतो. असले शब्द ऐकू आले की आपण जिभेला दोष देतो आणि 'पुढच्या वेळी म्हणायचं नाही' असा निश्चय करतो. त्याने काही होत नाही, उलट निश्चय आठवायच्या नादात दोन 'अं' वाढतात. मी उतरवलेल्या कागदावर प्रत्येक शब्दाला गोल केला आणि तो नेमका कुठे पडलाय ते पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की घोळ लिहिण्यातच होता.

सातपैकी पाच 'म्हणजे' एकाच जातीच्या वाक्यात होते. मी लिहिलं होतं: "गेली 26 वर्षं ज्यांनी नदीकाठच्या गावांमधल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवून त्यावर आधारित मोलाचं संशोधन केलं आहे अशा..." वाचायला ठीक. बोलताना मात्र 'ज्यांनी'ला जोडलेला दोर 'अशा'पर्यंत हातात धरून ठेवावा लागतो, तो मध्येच सुटतो आणि सावरायला 'म्हणजे' येतो. वाक्य मोडलं: "बाई 26 वर्षं विहिरी मोजतायत. दर वर्षी दोनदा. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा." पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये तिथला 'म्हणजे' आपोआप गेला.

'अं' बहुतेक सगळे साल आणि आकडे यांच्या तोंडाशी होते. साहजिक आहे, आकडा आठवावा लागतो. क्लार्क आणि फॉक्स ट्री या अभ्यासकांनी 2002 साली मांडलं होतं की इंग्रजीतले असे उद्गार म्हणजे 'थांबा, पुढचं येतंय' अशी ऐकणाऱ्याला दिलेली सूचना असते. म्हणून एखाददुसऱ्या 'अं'चं मी काही वाईट वाटून घेत नाही. पण परिचयात नऊ सालं हवीतच कशाला? दोन ठेवली, बाकीची खोडली.

'या ठिकाणी' मात्र दोन वाक्यांच्या मधल्या फटीत होतं, जिथे श्वास घ्यायचा असतो तिथे. शांततेची भीती, दुसरं काही नाही. फोनच्या रेकॉर्डरमध्ये आवाजाच्या उंच-सखल रेघा दिसतात. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये सपाट जागा जवळपास नव्हतीच. मग कागदावर वाक्याच्या शेवटी दोन उभ्या रेघा मारल्या. रेघ दिसली की ओठ मिटायचे, नाकाने श्वास घ्यायचा, मगच पुढचं वाक्य. मला ते थांबणं युगासारखं वाटलं. रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं तर एक सेकंदही भरत नव्हतं.

वेगाचं प्रकरण यापेक्षा गमतीचं निघालं. मिनिटाला इतके शब्द असा इंग्रजी भाषणांचा हिशेब मराठीला लावू नका. 'नदीकाठच्या गावांमधल्या' हे आपले दोन शब्द, इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतात. आपली स्वतःशीच तुलना करावी. मी उतरवलेल्या मजकुराचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाडले आणि शब्द मोजले: 62, 70, 84, 75, आणि शेवटच्या पाच सेकंदांत 10. त्या 84 मध्ये काय होतं? पुरस्कारांची यादी. म्हणजे जे मलाच कंटाळवाणं वाटत होतं तिथून मी पळत होतो. ती यादी सावकाश वाचायचा प्रयत्न केला, तर आणखी वाईट झाली. शेवटी काढूनच टाकली. एक पुरस्कार ठेवला.

पण घाईने झालेलं खरं नुकसान वेगळंच होतं आणि ते रेकॉर्डिंगशिवाय मला कधीच कळलं नसतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' त्याच्याही शेवटी. पुढच्या वाक्यावर उडी मारायची घाई असली की नेमकं तेच शेपूट गिळलं जातं. माझं वाक्य होतं, "या कामासाठी त्यांनी सरकारी निधी घेतलेला नाही." रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत होतं, "सरकारी निधी घेतलेला" आणि लगेच "त्यांच्या पुस्तकाला..." 40 गावं पदरमोड करून पालथी घातलेल्या बाईंच्या परिचयात मी अगदी उलटं सांगून बसलो असतो, तेही त्यांच्यासमोर. मी स्वतः ते वाक्य लिहिलेलं असल्यामुळे बोलताना मला 'नाही' ऐकू येत होतं! मुलीला कागद न दाखवता विचारलं, तर ती म्हणाली, "घेतला ना निधी?"

तेव्हा रेकॉर्डिंग अशा एखाद्याला ऐकवा ज्याने कागद वाचलेला नाही, आणि पाहुण्यांचं नाव काय ऐकू आलं ते विचारा. नाव आपल्या तोंडात बसलेलं असतं म्हणून आपण ते भरकन उरकतो, सभागृहाला मात्र ते पहिल्यांदाच ऐकायचं असतं.

एक सांगायचं राहिलं, खुर्चीत बसून रेकॉर्ड करू नका. उभं राहून, कागद हातात धरून, फोन माइकइतक्या अंतरावर ठेवून करा. बसून बोलताना माझा श्वास निराळा पडतो, असं दोन्ही रेकॉर्डिंग ऐकून वाटलं.

चौथ्या वेळी 185 शब्द, 1 मिनिट 50 सेकंद. 'म्हणजे' एक, 'अं' दोन.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मुलीने तिसऱ्या रांगेतून केलं. तेच 185 शब्द 1 मिनिट 38 सेकंदांत संपले, व्यासपीठावर छाती धडधडते ती घरच्या सरावात धडधडत नाही. 'नाही' शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. आणि पाहुण्यांना माइकवर बोलावताना मी म्हणालोच, "तर या ठिकाणी मी विनंती करतो..." रेकॉर्डिंगमध्ये त्यापुढे मुलीचं हसणं ऐकू येतंय.