चेहऱ्यावरून तर बरी वाटते

मावसबहिणीला लिंक्डइनवर एका ‘रिक्रूटर’चा मेसेज आला. तिने हुशारीने त्या बाईंचा फोटोच गूगलवर टाकून तो आणखी कुठे आहे का ते शोधलं. तो कुठेच सापडला नाही, म्हणून ती निश्चिंत झाली. “चोरलेला नाहीये गं. आणि चेहऱ्यावरून तर बरी वाटते.”

या दोन्ही वाक्यांवर मला बोलायचंय.

आधी दुसरं. २०२२ मध्ये सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद या संशोधकांनी ४०० खरे आणि ४०० कॉम्प्युटरने तयार केलेले चेहरे लोकांना दाखवले. त्यात दक्षिण आशियाई, म्हणजे आपल्यासारखे चेहरेही होते. खरा कोणता, खोटा कोणता हे ओळखण्यात लोक ४८ टक्के वेळा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच! काय बघायचं ते शिकवून, प्रत्येक उत्तरानंतर चूक-बरोबर सांगूनही गाडी ५९ टक्क्यांपुढे गेली नाही. मग वेगळ्या लोकांना विचारलं, हा माणूस किती विश्वासू वाटतो? सातपैकी गुण द्या. खऱ्या चेहऱ्यांना सरासरी ४.४८ मिळाले, खोट्यांना ४.८२. फरक थोडाच, पण झुकला खोट्याकडे.

हसऱ्या चेहऱ्याला जास्त गुण मिळतात, हे खरं. पण इथे हसरे चेहरे खऱ्यांतच जास्त होते, त्यामुळे ते कारण पुरत नाही. संशोधकांचा अंदाज असा, की हजारो फोटोंवरून शिकलेला प्रोग्राम सरासरीच्या जवळचा चेहरा काढतो. नाक फार मोठं नाही, जबडा फार रुंद नाही. असा चेहरा ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं वाटलं की आपण सैल पडतो. म्हणजे त्यात लबाडाचं कसबसुद्धा लागत नाही, हे मला जास्त खटकतं.

आता पहिलं वाक्य. फोटो चोरलेला असेल तर मूळ मालक सापडू शकतो. पण जो माणूस जन्मालाच आला नाही त्याचा दुसरा फोटो कुठून सापडणार? नेटवर काहीच न मिळणं आता खरेपणाचा पुरावा राहिलेला नाही.

एका कानात वेगळं कानातलं, चष्म्याची काडी केसांत विरघळलेली, डोळे नेहमी चौकटीच्या त्याच जागी, खोटा चेहरा ओळखायच्या या खुणा त्या काळच्या प्रोग्रामच्या. फोटो थोडा कापला तरी डोळ्यांची खूण जाते, आणि नवी साधनं वेगळ्या पद्धतीने चित्र बनवतात. खूण दिसली तर संशय घ्या, पण नाही दिसली म्हणून माणूस खरा ठरत नाही.

बहिणीला म्हटलं, फोटो सोड. कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर तू स्वतः काढ, त्या बाईंनी दिलेला नको, आणि या नावाचं कुणी एचआरमध्ये आहे का ते विचार. स्थळाच्या बाबतीत आपल्या आया हेच करायच्या. फोटो आवडला तरी त्या गावातलं कुणीतरी ओळखीचं गाठून चौकशी करायच्याच.

फोन लागला. तिथे त्या नावाचं कुणीच नव्हतं. बाईंचा पुढचा मेसेज मात्र आलाच, रजिस्ट्रेशन फीचा.